फुकट माल आणि खरा रिव्ह्यू : छोट्या क्रिएटरला पहिला मेसेज कसा लिहायचा?



लातूरच्या एक ताई येसर बनवतात. गहू, हरभरा डाळ, धने, जिरे भाजून, त्यात घरचा मसाला आणि मीठ घालून दळलेलं. आपल्याकडे येसर काय ते सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडून वाचणाऱ्यांसाठी सांगतो. खमंग फोडणीच्या उकळत्या पाण्यात हे पीठ कालवून सोडलं की दाटसर, झणझणीत आमटी होते. भाजी नसली तरी भाकरीबरोबर जेवण होऊन जातं.

ताईंचा माल चांगला, पण गिऱ्हाईक सगळं ओळखीतलं. नांदेडला एक गृहिणी मराठवाडी स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकतात. त्यांचे साधारण सहा हजार फॉलोअर आहेत. ताईंनी त्यांना मेसेज केला आणि नंतर तो मला दाखवला. तो असा होता :

> हाय डिअर, लव्ह युवर कंटेंट! आमचं येसर लातूरमधलं नंबर वन आहे. तुम्हाला फ्री प्रॉडक्ट पाठवतो. तुम्ही त्याचा छान प्रामाणिक रिव्ह्यू करा. टाकायच्या आधी व्हिडिओ आम्हाला पाठवा. दोन दिवसांत टाकायचा आहे. लवकर ॲड्रेस द्या.

नांदेडहून उत्तर आलं एका ओळीचं : "ताई, छान की प्रामाणिक? एक काय ते सांगा."

ताईंना राग आला. "फुकट देतेय तरी एवढा भाव?" मी म्हटलं, ताई, त्यांनी तुम्हाला अगदी मुद्द्याचं विचारलंय. आज आपण ह्याच एका प्रश्नाचं उत्तर शोधणार आहोत आणि त्यातूनच मेसेज नव्याने लिहिणार आहोत.

सौदा नेमका कशाचा आहे?

आधी हिशोब करू. समजा, येसरचं २५० ग्रॅमचं पाकीट तुम्ही १५० रुपयांना विकता आणि ते तुम्हाला ८५ रुपयांना पडतं. दोन पाकिटं पाठवली तर १७० रुपये, कुरिअर आणि खोका मिळून ८० रुपये. म्हणजे एका क्रिएटरमागे तुमचे २५० रुपये गेले. विक्रीची किंमत धरून "मी ३०० रुपयांचा माल दिला" असं मनात धरू नका, खरा खर्च धरा.

आता समोरच्या बाजूचा हिशोब बघा. त्या ताई तुमचं येसर वापरून स्वयंपाक करणार, शूटिंग करणार, रात्री बसून एडिटिंग करणार. त्यांचा एक दिवस जातो. २५० रुपयांत त्यांची दिवसभराची मेहनत विकत मिळत नाही, आणि त्यांच्या तोंडून स्तुती तर नाहीच नाही. २५० रुपयांत तुम्ही फक्त एवढंच म्हणता : "माझा माल वापरून बघा. सांगावंसं वाटलं तर जे वाटेल ते सांगा."

त्या सहा हजार लोकांतले कितीतरी जण त्यांच्या शब्दावर मसाला, तवा, कढई विकत घेतात. एकदा खोटी स्तुती केली आणि गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळलं, तर तो माणूस पुढच्या वेळी त्यांचं ऐकत नाही. तुमचे २५० रुपये पणाला लागलेत, त्यांचं सगळं चॅनलच. म्हणून "छान रिव्ह्यू द्या" हे शब्द वाचले की चांगला क्रिएटर मागे सरकतो. आणि जो लगेच "हो, छानच देते" म्हणतो, त्याच्या शब्दाला त्याच्या प्रेक्षकांत किती किंमत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

मेसेज कोणाला पाठवायचा?

फॉलोअरच्या आकड्यावर जाऊ नका, कॉमेंट वाचा. शेवटच्या दहा व्हिडिओंखाली लोक काय लिहितात ते बघा. नुसते हात जोडलेले आणि बदामाचे इमोजी आहेत, की "ताई, ज्वारी कुठली घेतली?", "हे लोह्यात मिळतं का?" असे प्रश्न आहेत? प्रश्न विचारणारे लोक खरेदी करणारे असतात. आणि त्या प्रश्नांना क्रिएटर उत्तर देते का, तेही बघा.

दुसरी गोष्ट, त्यांनी आधी कुठल्या वस्तूचा दोष सांगितला आहे का ते शोधा. एखाद्या व्हिडिओत "हा मिक्सर आवाज फार करतो" असं म्हटलेलं सापडलं तर घाबरू नका, उलट तीच बाई तुमच्या कामाची. तिने पुढे तुमच्या येसरला चांगलं म्हटलं तर लोक मानतील.

सुरुवातीला पाचच जणींना मेसेज करा. पाच जणींनी हो म्हटलं तरी तुमचे १,२५० रुपये जातात आणि पाच जणींशी नीट बोलणं तुम्हाला झेपतं. पन्नास जणींना एकच मेसेज कॉपी-पेस्ट केला तर तो कॉपी-पेस्टच वाटतो.

नवा मेसेज

इन्स्टाग्रामवर ओळख नसलेल्याचा मेसेज विनंत्यांच्या वेगळ्या कप्प्यात जातो. तिथे उघडण्याआधी सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात. यूट्यूब चॅनल असेल तर चॅनलच्या माहितीत बऱ्याचदा व्यवसायासाठीचा ईमेल दिलेला असतो, तो असेल तर तिथेच लिहा. कुठेही लिहा, पण आपल्याला एकच मेसेज मिळणार आहे असं समजून लिहा. "हाय" टाकून उत्तराची वाट बघत बसू नका.

ताईंनी आणि मी बसून लिहिलेला मेसेज हा :

> नमस्कार ताई. तुमचा ज्वारीच्या कण्यांचा व्हिडिओ बघून घरी कण्या केल्या. पाणी आधी उकळून घ्यायचं हे मला माहीत नव्हतं.
>
> मी लातूरला घरगुती येसर बनवते आणि विकते. तुम्हाला चालत असेल तर २५० ग्रॅमची दोन पाकिटं पाठवते. पैसे नाहीत, कुरिअरचा खर्च माझा.
>
> वापरून बघा आणि वाटलं तर तुमच्या चॅनलवर खरं मत सांगा. आवडलं नाही तर तसंही सांगा. व्हिडिओ आधी मला दाखवायची गरज नाही. व्हिडिओ केलाच नाही तरी पाकिटं तुमचीच, मी परत मागणार नाही.
>
> फक्त एक विनंती : व्हिडिओ केला तर येसर माझ्याकडून मोफत आलं आहे हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा.
>
> येसरमध्ये गहू, हरभरा डाळ आणि मीठ आहे. पाकिटावर नोंदणी क्रमांक आणि तारीख आहे, हवा असेल तर लेबलचा फोटो पाठवते. तुम्ही असं काही घेत नसाल तर निःसंकोच नाही म्हणा, राग नाही.
>
> (खाली नाव, गाव आणि धंद्याच्या पेजचं नाव)

मोठा वाटतो ना? वाचायला एक मिनिटही लागत नाही. यातलं एकेक वाक्य का आहे ते आता बघू.

पहिल्या वाक्यात कौतुक नाही, पुरावा आहे. "लव्ह युवर कंटेंट" हे कोणालाही पाठवता येतं. "पाणी आधी उकळून घ्यायचं" हे व्हिडिओ बघितल्याशिवाय लिहिताच येत नाही. पण इथे खोटं लिहू नका. कण्या खरंच केल्या नसतील तर "व्हिडिओ बघितला" एवढंच लिहा.

दुसऱ्या भागात काय देणार, किती देणार, पैसे आहेत की नाही, सगळं एका ठिकाणी. "कोलॅबरेशन करूया का?" असं मोघम लिहिलं की समोरची व्यक्ती मानधनाचा विचार करते. मग चार मेसेजनंतर "नाही हो, फक्त प्रॉडक्ट आहे" असं सांगावं लागतं आणि दोघींचाही वेळ जातो. पैसे देणार नसाल तर पहिल्याच मेसेजमध्ये सांगा. त्यात लाज वाटायचं कारण नाही, लपवलं तर मात्र लाज वाटायची वेळ येते.

तिसरा भाग हा सगळ्या मेसेजचा कणा. नांदेडच्या ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. नुसतं "प्रामाणिक रिव्ह्यू द्या" म्हणून भागत नाही, तो शब्द आता सगळेच वापरतात. तुम्ही प्रामाणिकपणाला जागा देताय हे तीन गोष्टींवरून कळतं. वाईट बोलायची मोकळीक आहे का? व्हिडिओ आधी तपासायला मागितलाय का? आणि व्हिडिओ नाही केला तर काय? पहिल्या मेसेजमध्ये ताईंनी "आधी आम्हाला पाठवा" लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "चूक असेल तर सांगता येईल म्हणून लिहिलं." हेतू वाईट नव्हता. पण वाचणाऱ्याला अर्थ एकच लागतो : न आवडलेला भाग काढायला लावणार. किंमत किंवा पत्ता चुकेल अशी भीती असेल तर तो तपशील एका कागदावर लिहून पार्सलमध्ये टाका.

"दोन दिवसांत टाका" हेही काढलं. ज्या गोष्टीचे पैसे दिले नाहीत तिची तारीख ठरवायचा हक्क आपल्याला नाही. सणाआधी व्हिडिओ यावा असं खरंच वाटत असेल तर महिनाभर आधी पाठवा आणि विनंती म्हणून सांगा.

"मोफत मिळालं" हे सांगायला का लावायचं?

इथे बरेच उद्योजक अडखळतात. "असं सांगितलं तर लोकांना ती जाहिरात वाटेल ना सर?" वाटू द्या. कारण नियमाने ती तशीच धरली जाते.

जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियामक संस्था आहे, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे ॲस्की. तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. त्यानंतर केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन्हींत गाभा एकच : बोलणारा आणि विकणारा यांच्यात काही देणंघेणं असेल तर ते प्रेक्षकाला कळलं पाहिजे. देणंघेणं म्हणजे फक्त पैसे नव्हे, फुकट दिलेली वस्तूसुद्धा त्यात येते. ॲस्की तर असंही म्हणते की मत अगदी निष्पक्ष असलं, तरी वस्तू फुकट मिळाली असेल तर सांगायचंच.

आणि सांगायचं तेही दिसेल असं. लिखाणाच्या शेवटी वीस हॅशटॅगच्या गर्दीत "ॲड" लपवून चालत नाही. व्हिडिओ असेल तर सरकारच्या सूचनेप्रमाणे बोलूनही सांगायचं आणि पडद्यावरही दाखवायचं, आणि व्हिडिओ ज्या भाषेत आहे त्याच भाषेत. म्हणजे मराठी व्हिडिओत साधं वाक्य पुरतं : "हे येसर लातूरच्या एका ताईंनी मला मोफत पाठवलंय, पैसे घेतलेले नाहीत." पडद्यावर "मोफत मिळालेली वस्तू" अशी पट्टी ठेवायची.

हे सगळं फक्त क्रिएटरचं ओझं आहे असं समजू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी बनवणारा आणि शिफारस करणारा दोघांनाही दंड होऊ शकतो, पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत. लातूरच्या येसरवर उद्या कोणी असा दंड लावील असं मी म्हणत नाही. पण आपला माल कोणी आपल्यासाठी लपूनछपून विकावा ही सवयच नको. म्हणूनच तब्येतीचे दावेही त्यांच्या तोंडी घालू नका. "हे खाल्ल्याने शुगर कमी होते" असलं काही मेसेजमध्ये किंवा पार्सलच्या कागदावर लिहू नका.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. क्रिएटरला उघडपणे माल देऊन मत मागणं ठीक आहे. पण "एक पाकीट फ्री, त्याबदल्यात गूगलवर पाच स्टार टाका" असं गिऱ्हाइकाला म्हणणं ठीक नाही. गूगलच्या नियमात रिव्ह्यूच्या बदल्यात काही देणं बसत नाही आणि असे रिव्ह्यू काढून टाकले जाऊ शकतात. तिथे "मोफत मिळालं" असं सांगायची सोयही नसते, म्हणून ते सरळ फसवणुकीकडे जातं.

करामध्येही एक नियम आहे. धंद्यातून कोणाला दिलेल्या वस्तूची किंमत वर्षाला २०,००० रुपयांवर गेली तर देणाऱ्याने कर कापायचा, आणि इन्फ्लुएन्सरकडे राहिलेली वस्तू त्यात धरली जाते. येसरची दोन पाकिटं त्याच्या जवळपासही नाहीत. पण तुम्ही पैठणी, फर्निचर किंवा पिठाची गिरणी पाठवणार असाल तर आधी तुमच्या सीएला विचारा.

उत्तर आल्यावर

"हो, पाठवा" असं आलं तर पत्ता घ्या आणि तो पत्ता फक्त पार्सलसाठी वापरा. पुढच्या ऑफरच्या यादीत तो नंबर टाकू नका.

"ताई, मी एका रीलचे १,५०० रुपये घेते" असं उत्तर आलं तर तेही बरोबर आहे, तो त्यांचा धंदा आहे. "एवढंसं तर चॅनल आहे" असं चुकूनही म्हणू नका. असं लिहा : "कळलं ताई. सध्या तेवढं बजेट नाही. पुढे जमलं तर नक्की सांगते." आणि बजेट असेल तरी लक्षात ठेवा, पैसे दिले की तो मामला वेगळा. मग तारीख, लांबी, किती व्हिडिओ हे ठरवता येतं, पण व्हिडिओवर जाहिरात असं स्पष्ट यावं लागतं. "पैसे घ्या आणि प्रामाणिक रिव्ह्यू म्हणा" ही भानगड नको.

उत्तरच आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एक आठवण करा, तीही वाट मोकळी असेल तर. त्यानंतर थांबा. तिसरा मेसेज आठवण राहत नाही, कटकट होतो.

पार्सलमध्ये काय जातं?

ताजा माल पाठवा. पाकिटावर घटक, वजन, बनवल्याची आणि कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, शाकाहाराची हिरवी खूण आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक असू द्या. नोंदणी नसेल तर आधी नोंदणी, मग मेसेज. क्रिएटर स्वतःच्या घरात ते खाणार आणि हजारो लोकांना दाखवणार. कॅमेऱ्यात पाकीट जवळून दिसतं आणि कॉमेंटमध्ये कोणीतरी विचारतंच.

सोबत एक छोटा कागद ठेवा. त्यावर माहिती असावी, भाषण नसावं. "चार माणसांच्या आमटीला किती चमचे, आधी थंड पाण्यात कालवा, किंमत, मागवायचा नंबर" ही माहिती झाली. "आमच्या येसरची चव आजीची आठवण करून देते असं म्हणा" हे भाषण झालं. पहिल्याने क्रिएटरला मदत होते, दुसऱ्याने तिला कळतं की मोकळीक फक्त मेसेजमध्ये होती.

पार्सल पोहोचल्यावर विचारायचं ते इतकंच : "मिळालं का? पाकीट फुटलं तर नाही ना?" "व्हिडिओ कधी?" हे विचारू नका. आपण लिहून दिलंय, नाही केला तरी चालेल. मग चालू द्या.

आणि रिव्ह्यूत दोष निघाला तर?

नव्या मेसेजनंतर नांदेडच्या ताईंनी होकार दिला. तीनेक आठवड्यांनी व्हिडिओ आला. सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं की हे मोफत आलंय. वासाचं आणि दाटपणाचं कौतुक केलं. आणि पुढे म्हणाल्या, "पण माझी पहिली आमटी खारट झाली. ह्यात मीठ आधीच आहे, ते मागे बारीक अक्षरात लिहिलंय. मी सवयीने वरून घातलं. आणि पाकीट एकदा फोडलं की बंद करता येत नाही."

लातूरच्या ताईंचा मला लगेच फोन. "सर, मी मेसेजमध्ये मीठ आहे असं सांगितलं होतं! त्यांना व्हिडिओ काढायला सांगू का?"

मी विचारलं, कागदावर काय लिहिलं होतं? शांतता. कागदावर चमचे होते, पाणी होतं, मिठाचं काही नव्हतं. मेसेज तीन आठवड्यांपूर्वीचा, आमटी करताना तो कोण उघडून बघतं? मग सांगा, दोष कोणाचा? आणि नांदेडच्या ताईंची आमटी खारट झाली तशी आजवर किती गिऱ्हाइकांची झाली असेल? ती काही बोलली नाहीत, फक्त पुन्हा मागवलं नाही. २५० रुपयांत ताईंना जी गोष्ट कळली ती तिथे कळली.

व्हिडिओखाली ताईंनी हे लिहिलं :

> ताई, खरं सांगितल्याबद्दल धन्यवाद. मिठाची सूचना मोठ्या अक्षरात पुढे असायला हवी होती, चूक माझी. पुढच्या पाकिटांवर स्टिकर लावते. बंद करता येणाऱ्या पाकिटांची चौकशी सुरू केली आहे.

बाजू मांडली नाही, सबब सांगितली नाही, आणि पूर्ण न झालेलं काम झालं असंही म्हटलं नाही. "चौकशी सुरू केली" म्हणजे तेवढंच. दोन दिवसांत "वरून मीठ घालू नका" असे स्टिकर छापून पुढच्या बाजूला लागले. त्याच कॉमेंटखाली एका बाईंनी विचारलं, "बिनमिठाचं मिळेल का? घरी बीपीचा त्रास आहे." हा प्रश्न ताईंना कधी कोणी विचारला नव्हता. आता त्या मागणीप्रमाणे बिनमिठाचं वेगळं दळून देतात. पाकिटावर फक्त "मीठ घातलेलं नाही" एवढंच लिहितात, बीपीला चांगलं वगैरे काही नाही.

रिव्ह्यूत माहितीच चुकीची असेल, म्हणजे किंमत चुकली किंवा शेंगदाणा नसताना आहे म्हटलं, तर खासगीत नम्रपणे सांगा. माहिती दुरुस्त करून मागता येते. मत दुरुस्त करून मागता येत नाही. "खारट झाली" ही त्यांच्या स्वयंपाकघरात घडलेली गोष्ट आहे, तिच्यावर वाद नाही.

शेवटचा एक मोह असतो. व्हिडिओतला कौतुकाचा तुकडा कापून आपल्या व्हॉट्सॲप स्टेटसला लावायचा. आधी परवानगी मागा, कारण व्हिडिओ त्यांचा आहे. आणि परवानगी मिळाली तरी "पण"च्या अलीकडचं वाक्य कापून "पण"च्या पलीकडचं टाकून देऊ नका. लातूरच्या ताईंनी पूर्ण तुकडा लावला, मिठासकट, आणि खाली स्टिकर लावलेल्या पाकिटाचा फोटो.

आजचं काम

तुमच्या मोबाइलमध्ये असा मेसेज आधीच लिहून ठेवलेला असेल तर तो उघडा. "छान", "चांगला", "पॉझिटिव्ह", "टाकायच्या आधी दाखवा" यातलं काही सापडतं का बघा. सापडलं तर खोडा. मग तुमच्या मालाचा एक दोष कागदावर लिहा, जो व्हिडिओत सांगितला गेला तर तुम्हाला सगळ्यात जास्त झोंबेल. तो दोष आधी दुरुस्त करता येतो का ते बघा. येत असेल तर दुरुस्त करा आणि मग मेसेज पाठवा. येत नसेल तर मेसेजमध्येच सांगून टाका. क्रिएटरला तो दोष पार्सल उघडण्याआधी तुमच्याकडून कळलेला बरा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. जय महाराष्ट्र!